पत्रलेखन (औपचारिक पत्र): घळ अडवण्यासाठी ग्रामपंचायतीने पंचायत समितीला लिहिलेले मागणीपत्र



इयत्ता सहावी-सातवीला औपचारिक पत्र शिकवताना आपण बहुतेक वेळा पुस्तकांची मागणी, नाहीतर नळाची तक्रार घेतो. मुलं साचा पाठ करतात आणि मधल्या मजकुरात काहीही लिहितात. यंदा मी वेगळं पत्र घेतलं. आमच्या ग्रामपंचायतीला खरोखरच पाठवायचं होतं असं. त्यात मुलांनी मोजलेले आकडे गेले, म्हणून मजकुराला वजन आलं. तेच इथे देते आहे.

आधी गोष्ट समजून घेऊ. गावच्या वरच्या अंगाला गायरान आहे. तिथून पावसाचं पाणी खाली येतं आणि त्याने एक घळ पाडली आहे. मुलांना आधी एवढाच फरक सांगितला: शेतात पाण्याने बोटाएवढी, हाताएवढी रेघ पाडली तर ती ओघळ, नांगराच्या एका फेरीत बुजते. जी नांगराने बुजत नाही, जिच्यात उतरावं लागतं, ती घळ. आमच्या घळीत सातवीचा मुलगा उभा राहिला की छातीपर्यंत आत जातो.

घळ खालून लांबत नाही, वरून लांबते. वरच्या टोकाला पाणी उडी मारतं, खालची माती पोखरतं, वरचा काठ कोसळतो आणि घळीचं डोकं मागे, म्हणजे डोंगराकडे सरकतं. हे मुलांना पटेना. म्हणून मे महिन्यात डोक्याच्या अगदी काठावर एक लोखंडी खुंटी ठोकली आणि तिच्या मागे दहा मीटरवर दुसरी. ऑक्टोबरात गेलो तर पहिली खुंटी घळीत पडलेली. दुसऱ्या खुंटीपासून टेप लावला तर काठ ७.७ मीटरवर. म्हणजे एका पावसाळ्यात २.३ मीटर जमीन गेली. तिथून पुढे चार मीटरवर आमच्याच एका विद्यार्थ्याच्या आईचं बाजरीचं शेत सुरू होतं. दोन पावसाळ्यांचा प्रश्न आहे.

पहिलं पत्र का परत आलं

ग्रामपंचायतीने याआधी एक पत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की गावात जमिनीची खूप धूप होते, तरी मोठा बंधारा मंजूर व्हावा. ते "तपशील अपूर्ण" या शेऱ्यासह परत आलं. खरं सांगायचं तर शेरा बरोबर होता. गट नंबर नाही, जमीन कोणाची ते नाही, घळ किती लांब ते नाही. वाचणाऱ्याने मंजूर काय करायचं?

मग कृषी सहायकांबरोबर मृद सर्वेक्षण झालं. आमची बारा मुलं टेप आणि वह्या घेऊन बरोबर होती. दोन कामं झाली. एक, तीन ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली पाहिली. घळीच्या वरच्या बाजूला १२ सेंटिमीटरवरच मुरूम लागला, मध्यावर ३५ सेंटिमीटर माती, आणि खाली सपाटीला ९० सेंटिमीटर. दुसरं, हायड्रोमार्करने उतार काढला. दोन पट्ट्या, मध्ये पाणी भरलेली नळी. दोन्हीकडची पाण्याची पातळी वाचली की उंचीतला फरक कळतो. वरच्या ६० मीटरमध्ये दर दहा मीटरला ९० सेंटिमीटर उतार निघाला, म्हणजे ९ टक्के. खालच्या १२० मीटरमध्ये दर दहा मीटरला ४५ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार टक्के.

या आकड्यांनी मागणीच बदलली. सरपंचताई म्हणाल्या होत्या, "मॅडम, मोठा बंधाराच मागा. चार दगडांनी काय होतंय?" पण खड्डे सांगत होते की माती वर संपत आली आहे आणि खाली साठते आहे. खाली मोठा बंधारा घातला असता तर वरची माती येऊन तो गाळाने भरला असता आणि घळीचं डोकं सरकायचं ते सरकतच राहिलं असतं. म्हणून वरून खाली, एकापाठोपाठ एक, अनघड दगडी बांध मागायचे ठरले. दगड गायरानातच सुटे पडलेले आहेत, त्यामुळे खर्च मुख्यतः मजुरीचा. रोजगार हमीच्या कामात मजुरीचा वाटा मोठा लागतो, तिथे हे काम बसतं.

गणित

इथे गणिताचा तास मराठीत आला. बांधाची उंची पाऊण मीटर धरली. दोन बांधांतलं अंतर कसं ठरवायचं? खालच्या बांधाचा माथा हा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यायला हवा. मग दोन्हींच्या मध्ये गाळ बसून पायरी तयार होते आणि पाण्याला पळायला उतारच उरत नाही. म्हणून अंतर = बांधाची उंची भागिले उतार.

वरच्या भागात ०.७५ भागिले ०.०९, म्हणजे साधारण ८ मीटर. खालच्या भागात ०.७५ भागिले ०.०४५, म्हणजे १६.७; सोयीसाठी १६ मीटर धरले. दोन्ही भागांत साडेसात-साडेसात बांध बसतात, एकूण १५. मुलांनी आधी १८० मीटरला १५ ने भागून सरसकट १२ मीटर अंतर काढलं होतं. संख्या तीच येते, पण वर बांध विरळ पडले असते. मधली जागा उघडी राहिली की पाणी तिथेच पुन्हा खणतं आणि खालच्या बांधाचा पाया उकरतं.

गेलेल्या मातीचाही हिशोब केला. लांबी १८० मीटर, सरासरी रुंदी १.८, सरासरी खोली १.१. गुणाकार ३५६ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे सव्वाशे ब्रास माती. "मॅडम, सव्वाशे ट्रॉल्या?" असं एकाने विचारलं आणि वर्ग गप्प झाला. ट्रॅक्टर-ट्रॉली सगळ्यांच्या डोळ्यासमोर असते, घनमीटर नसतो.

नमुना पत्र

(नावं आणि क्रमांक मुद्दाम मोकळे ठेवले आहेत.)

ग्रामपंचायत कार्यालय, ..............
ता. .............. जि. ..............
जावक क्र. ......... दिनांक : ...../१२/......

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, ..............

विषय : मौजे ........ येथील गायरान गट नं. ..... व लगतच्या गट नं. ..... मधील घळीवर अनघड दगडी बांध घेणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा ठराव क्र. ..... दि. ......
२) मृद सर्वेक्षण अहवाल दि. ......

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मौजे ........ येथील गायरानातून वाहणाऱ्या घळीची लांबी १८० मीटर, सरासरी रुंदी १.८ मीटर व खोली १.१ मीटर आहे. चालू वर्षाच्या पावसाळ्यात घळीचे वरचे टोक २.३ मीटर मागे सरकले असून ते लागवडीखालील शेतापासून ४ मीटर अंतरावर आहे.

मृद सर्वेक्षणानुसार घळीच्या वरील भागात मातीची खोली १२ सें.मी. इतकीच शिल्लक आहे. वरील ६० मीटर भागाचा उतार ९ टक्के व खालील १२० मीटर भागाचा उतार ४.५ टक्के आहे. त्यानुसार ०.७५ मीटर उंचीचे अंदाजे १५ अनघड दगडी बांध आवश्यक वाटतात. तसेच घळीच्या टोकाच्या वरील बाजूस गायरानात समतल चर घेतल्यास टोकाशी येणारे पाणी कमी होईल.

आवश्यक दगड गायरानात सुट्या स्वरूपात उपलब्ध आहेत. घळीचा खालील भाग खासगी गटातून जात असून संबंधित खातेदाराचे संमतीपत्र सोबत जोडले आहे. कामाची मागणी करणाऱ्या मजुरांची यादी ग्रामपंचायतीकडे तयार आहे.

तरी सदर कामाची तांत्रिक पाहणी होऊन अंदाजपत्रक तयार करण्यात यावे व पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण होईल अशा बेताने मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ग्रामपंचायत अधिकारी                सरपंच
(सही व शिक्का)          (सही व शिक्का)

सोबत : ग्रामसभा ठराव, सर्वेक्षण अहवालाची प्रत, हातनकाशा, गट नं. ..... चा सातबारा, संमतीपत्र, फोटो.

प्रत माहितीसाठी : मा. तालुका कृषी अधिकारी.

वर्गात कशाकडे लक्ष द्यायचं

"अंदाजे" आणि "आवश्यक वाटतात" हे शब्द मुलांनी खोडले होते. त्यांना ते कच्चे वाटले. मी परत घातले. मोजमाप आपण दिलं, पण बांध किती आणि कुठे हे तांत्रिक अधिकाऱ्याने पाहणी करून ठरवायचं असतं. म्हणून पत्रात रक्कमही नाही, अंदाजपत्रकाची मागणी आहे.

दुसरं, संमतीपत्र. घळ गट नंबर पाहून वाहत नाही. खालचा भाग एका शेतकऱ्याच्या हद्दीत निघाला. त्या आजोबांना वाटलं, बांध घातल्यावर जमीन सरकारजमा होईल. मुलांनी हातनकाशा दाखवला, सरपंचताईंनी दोनदा घरी जाऊन समजावलं, तेव्हा सही मिळाली. घळीचा थोडा भाग जरी वनखात्याच्या हद्दीत असेल, तर त्यांची परवानगी वेगळी लागते, हेही तपासून घ्या.

पत्र दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. यालाच पोहोच म्हणतात. पुढची चौकशी त्याच क्रमांकावर होते.

पाहणी जानेवारीत झाली. साहेबांनी सर्वात खालचे दोन बांध कमी केले, कारण तिथे घळ रुंद होऊन जवळपास सपाट झाली आहे. समतल चर मान्य केले. मुलांना त्यांनी बांध पाहायला शिकवलं: मधला भाग दोन्ही काठांपेक्षा वीतभर खाली हवा, म्हणजे पाणी मधूनच सांडेल. मध्य उंच राहिला तर पाणी बाजूने वाट काढून काठ खातं आणि बांध एकटाच मध्ये उभा राहतो. दोन्ही टोकं काठात हातभर घुसवलेली हवीत. मोठे दगड खालच्या अंगाला. आणि जमिनीत रुतलेले दगड उपटून आणायचे नाहीत, तेच तिथली माती धरून असतात.

आता तेरा बांधांच्या जागी चुन्याच्या खुणा आहेत. काम अजून सुरू झालेलं नाही. दुसऱ्या खुंटीपासून काठ ७.७ मीटरवर आहे, तो आकडा वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे.

स्वाध्याय

१) एका घळीची लांबी ९० मीटर, उतार ६ टक्के आहे. ०.६ मीटर उंचीचे बांध घ्यायचे तर दोन बांधांतील अंतर किती? एकूण बांध किती लागतील?
२) वरील पत्रातून "गट नं." आणि "संदर्भ" काढून टाका. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कोणते प्रश्न पडतील ते लिहा.
३) पाहणी होऊन दोन महिने झाले, पण मंजुरीचं पत्र आलेलं नाही. पोहोच क्रमांकाचा उल्लेख करून चार ओळींचे स्मरणपत्र लिहा.