निफ्टी वर, मग आपलं खातं खाली का?

जानेवारी 2018 मध्ये खर्ड्यात आमच्या चुलत दादाने कांद्याचे आणि बाकीचे साठवलेले मिळून दोन लाख रुपये स्मॉल-कॅप फंडात टाकले. मुलीच्या कॉलेजसाठी अडीच वर्षांनी लागणारे पैसे होते. मागच्या वर्षाचा परतावा बघूनच त्याने फंड निवडला. माझे पैसे त्याच सुमारास लार्ज-कॅपमध्ये होते.

बाजारमूल्यात पहिल्या 100 कंपन्या म्हणजे लार्ज-कॅप आणि 251व्यापासून पुढच्या स्मॉल-कॅप, अशी सेबीची व्याख्या आहे. छोट्या कंपन्यांच्या शेअरला रोज गिऱ्हाईक कमी असतं. सगळे एकदम विकायला निघाले, की घेणारा भाव पाडूनच मागतो. चढतानाही तसंच: थोडा पैसा आला तरी भाव उसळतो.

कोरोनातली पडझड सगळ्यांना आठवते. दादाला मात्र त्याच्या आधीची दोन वर्षं जड गेली. 2018 मध्ये निफ्टी 50 सुमारे 3 टक्के वाढला आणि निफ्टी स्मॉलकॅप 100 सुमारे 29 टक्के पडला. 2019 मध्येही मोठा निर्देशांक वर, छोटा खाली. दादा विचारायचा, "बाजार वर आहे म्हणतात, मग आपलंच खातं खाली का?" तोवर माझं मुद्दल शाबूत होतं.

जानेवारी 2018 मध्ये 9,600च्या आसपास असलेला तो स्मॉल-कॅप निर्देशांक मार्च 2020 मध्ये 3,200च्या आसपास आला. दादाचा फंड निर्देशांकाइतका पडला नाही, तरी दोन लाखांचे लाखाच्या आसपास उरले. लॉकडाऊनमध्येच त्याने ते काढले, कारण फी भरायची होती. निर्देशांक जुन्या पातळीवर आला तो 2021च्या मध्याला. निफ्टी 50 जानेवारी 2020च्या उच्चांकावरून 38 टक्के पडला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये पुन्हा त्या पातळीवर आला. गणितच तसं आहे: 38 टक्के पडल्यावर 61 टक्के वाढ पुरते, पण दोन तृतीयांश गेल्यावर पैसे तिप्पट व्हावे लागतात.

साडेतीन वर्षं हीसुद्धा कमाल नव्हे. बीएसई स्मॉलकॅपला 2008चा उच्चांक पुन्हा गाठायला 2017 उजाडलं. म्हणून मी सांगताना लार्ज-कॅपला किमान पाच वर्षं सांगतो आणि स्मॉल-कॅपला आठ-दहा. तारीख ठरलेला खर्च असेल, तर स्मॉल-कॅप नकोच.

एसआयपी केली म्हणून ही मुदत कमी होत नाही. सात वर्षं हप्ते भरले, तरी शेवटच्या वर्षातले हप्ते फंडात जेमतेम वर्षभर राहिलेले असतात, आणि शेवटी पडझड आली, तर जमलेली सगळी रक्कम तिच्यात सापडते. त्यामुळे पैसे लागायच्या तीन वर्षं आधीपासून दर तिमाहीला थोडे थोडे काढून लिक्विड फंडात किंवा बँकेच्या ठेवीत हलवावेत, बाजार चढा असला तरी.