‘साभार परत’च्या आधी

प्रास्ताविक

नियतकालिकाच्या संपादकाकडे जे साहित्य येते, त्यातील बरेचसे छापण्याजोगे नसते. असे साहित्य ‘साभार परत’ या दोन शब्दांनिशी लेखकाकडे धाडण्याची रीत मराठीत जुनी आहे. हे शब्द लिहिणाऱ्याला कंटाळवाणे वाटतात आणि वाचणाऱ्याला बोचतात. ते लिहिण्याची वेळ कमी यावी, म्हणून संपादक अंकाच्या एखाद्या पानावर लेखकांसाठी निवेदन छापतो. कोणते लेखन हवे, कोणते नको आणि ते कसे पाठवावे, हे त्यात सांगितलेले असते. निवेदन लहान असते. पण त्यातील एखादे वाक्य सैल राहिले, तर संपादकाच्या टेबलावर नको असलेल्या लेखांचा ढीग साचतो, आणि एखादे वाक्य अकारण कठोर झाले, तर हवा असलेला लेखक दारातूनच परत जातो.

प्रस्तुत पाठ अभ्यासल्यावर अशा निवेदनातील कोणते वाक्य खरोखर निवड करते व कोणते केवळ शोभेपुरते असते, हे तुम्हांला ओळखता येईल; तसेच लेखाचा प्रस्ताव कसा लिहावा, हेही समजेल.

जुन्या सूचनांमागील कारणे

‘मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरांत लिहावा; डावीकडे पुरेसा समास सोडावा; परत हवा असल्यास तिकिटे लावलेले पाकीट जोडावे.’ मराठी मासिकांत या अर्थाची सूचना अनेक दशके छापली जात असे. आज ती शिष्टाचारासारखी वाटते. मात्र तिच्यातील प्रत्येक शब्दाला व्यवहाराचा आधार होता. छापखान्यात जुळारी हाताने खिळे जुळवीत. एका लेखाची पाने दोघातिघांत वाटली जात. दोन्ही बाजूंना लिहिलेले पान एकाच वेळी दोघांना देता येत नसे. समास लागे तो संपादकाच्या दुरुस्त्यांसाठी, आणि तिकिटे लागत ती टपालखर्च अंकावर पडू नये म्हणून.

खिळे गेले, हस्तलिखितेही बहुतांशी गेली. तरी लेखाच्या लांबीची मर्यादा टिकून आहे. पुस्तके व अंक फर्म्यांनी छापले जातात आणि एक फर्मा सामान्यतः 16 पानांचा असतो. 96 पानांच्या अंकाचे सहा फर्मे होतात. जाहिराती, अनुक्रमणिका व संपादकीय यांसाठी 24 पाने गेली, तर लेखांसाठी 72 उरतात. एका पानावर साधारण 350 शब्द मावत असतील, तर 1500 शब्दांचा लेख शीर्षक व चित्रासह पाच पाने घेतो, म्हणजे अंकात जेमतेम चौदा लेख बसतात. चौदांऐवजी पंधरा घ्यायचे म्हटले, तर आणखी एका फर्म्याचा खर्च येतो. लेख ‘फार लांब’ असल्याचे कारण संपादक देतो, तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो.

उतईच्या अंकाचे निवेदन

छत्तीसगढच्या भूमीत मराठी भाषक संपादकाचे काम नवे नाही. जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते 1902 अखेरपर्यंत चालले. याच प्रदेशात, भिलाईलगतच्या उतई येथे राहणारी एक संपादिका परिसरातील मराठी वाचकांसाठी दरवर्षी एक दिवाळी अंक काढते, अशी कल्पना करू. ही संपादिका, तिचा अंक आणि पुढील पत्रव्यवहार पाठापुरते रचलेले आहेत. त्यात येणाऱ्या चालीरीती मात्र खऱ्या आहेत.

पहिल्या वर्षी तिने निवेदनात एवढेच लिहिले : ‘दर्जेदार, अप्रकाशित साहित्य पाठवावे.’ साठ लेख आले. ‘मराठी भाषेची सद्यःस्थिती’, ‘पर्यावरण : काळाची गरज’, ‘दिवाळीचे महत्त्व’ असे लेख त्यांत डझनावारी होते. ते वाईट लिहिलेले नव्हते; पण त्यांतील कोणताही लेख नाशिकच्या, इंदूरच्या वा बडोद्याच्या अंकात जसाच्या तसा छापता आला असता. दोष निवेदनाचाच होता. आपला लेख दर्जेदार नाही, असे कोणताच लेखक मानत नाही. त्यामुळे ‘दर्जेदार’ हा शब्द कोणालाही अडवीत नाही.

दुसऱ्या वर्षी तिने पूर्ण लेख मागणे थांबवले आणि दीडशे शब्दांचा प्रस्ताव मागितला. निवेदनाचा मुख्य भाग असा होता :

‘लेखात कोणती एक गोष्ट सांगणार, ती एका वाक्यात लिहावी. ती तुम्हांला कशी ठाऊक, हे पुढील दोन वाक्यांत लिहावे : पाहिली, केली, कोणाकडून ऐकली की कोठे वाचली. त्यानंतर लेखाचा पहिला परिच्छेद द्यावा. गेल्या अंकातील कोणत्या लेखाशेजारी हा लेख शोभेल, तेही कळवावे. जो लेख कोणत्याही गावच्या अंकात चालेल, तो येथे घेता येणार नाही. प्रस्ताव 30 जूनपर्यंत पाठवावा. 20 जुलैपर्यंत होकार वा नकार कळवला जाईल. तोपर्यंत तो अन्यत्र पाठवू नये.’

यातील वाक्यांची कामे वेगवेगळी आहेत. ‘एका वाक्यात’ या अटीमुळे ज्याच्यापाशी विषय आहे, पण मुद्दा नाही, तो थबकतो. ‘कशी ठाऊक’ या प्रश्नापुढे इकडून तिकडून उतरवलेले लेखन उघडे पडते. पहिल्या परिच्छेदावरून गद्याची जात कळते. प्रस्ताव आकर्षक आणि लेखन निर्जीव, असे पुष्कळदा घडते. शेजारच्या लेखाचे नाव मागितल्याने अंक न वाचताच सर्वत्र एकच मजकूर पाठवणारे गळतात. ही अट क्षुल्लक दिसते, पण सर्वांत जास्त श्रम तीच वाचवते. शेवटचे वाक्य मात्र न्याय्य ठरते ते त्याआधीच्या तारखेमुळे. लेखकाने अन्यत्र जाऊ नये असे म्हणायचे आणि उत्तराची मुदत द्यायची नाही, हा लेखकावर अन्याय आहे.

पाठगत प्रश्न : ‘लेख मनोरंजक व उद्बोधक असावा’ हे वाक्य निवेदनात घातले, तर कोणता लेखक थांबेल? कारण द्या.

एका प्रस्तावाचा प्रवास

त्या वर्षी आलेल्या प्रस्तावांत उतईच्याच एका गृहिणीचे पत्र होते. ‘आदरणीय ताई, छत्तीसगढी सण आणि आपली संस्कृती या विषयावर लिहू इच्छिते. सणांमुळे एकोपा वाढतो, हे मी लेखात सांगेन. हे मी लहानपणापासून अनुभवले आहे.’ शेजारच्या लेखाचे नाव तिने दिले होते, पहिला परिच्छेदही जोडला होता. परंतु त्यात ‘भारत हा सणांचा देश आहे’ यापलीकडे काही नव्हते.

निवेदनाच्या कसोटीने हा प्रस्ताव नाकारण्याजोगाच होता. तरीही पत्राच्या तळाशी, जणू जाता जाता, एक वाक्य होते : ‘आमच्या गल्लीत हरतालिकेच्या दिवशी निम्म्या सुना घरी नसतात.’ संपादिकेने नकाराच्या पत्रात या वाक्याखाली रेघ ओढली आणि लिहिले, ‘वहिनी, हा प्रस्ताव स्वीकारता येत नाही. पण सुना कोठे जातात, ते लिहाल का?’

आठ दिवसांनी नवा प्रस्ताव आला. त्याचे पहिले वाक्य असे होते : ‘भाद्रपद शुद्ध तृतीयेला मराठी घरातली सून सासरीच हरतालिका पुजते, तर शेजारची छत्तीसगढी सून त्याच तिथीला तीजा करण्यासाठी माहेरी गेलेली असते.’ ते कसे ठाऊक, याचेही उत्तर होते. लेखिका वीस वर्षे त्याच गल्लीत राहत होती. पोळा झाला की शेजारणींचे भाऊ किंवा वडील त्यांना न्यायला येतात, आदल्या रात्री कारल्याच्या भाजीसह ‘करू भात’ खाऊन निर्जळी उपास धरला जातो, आणि माहेरची साडी घेऊनच त्या परततात, हे तिने पाहिले होते. तिच्या स्वतःच्या घरी वाळूची महादेवाची पिंड करून पूजा होई. माहेरी जाण्याचा रिवाज नव्हता. पहिला परिच्छेद एका प्रश्नाने संपत होता. तिच्या मुलीचे लग्न छत्तीसगढी घरात ठरले होते. पुढच्या भाद्रपदात मुलीला आणायला जायचे की नाही, हे घरात कोणालाच सुचत नव्हते.

तिथी, गल्ली आणि उपास पहिल्या पत्राच्या वेळीही हेच होते. पण तेव्हा तिने विषयाचे नाव सांगितले होते, आता तिच्यापाशी सांगण्याजोगी घटना होती. हा लेख दुसऱ्या गावच्या अंकात जसाच्या तसा चालला नसता. संपादिकेने होकार कळवला आणि सोबत एकच सूचना केली : ‘एकोपा’ हा शब्द लेखात कोठेही वापरू नये.

गाळणीची मर्यादा

नियमाने न सापडलेला लेख येथे एका रेघेने सापडला. संपादिकेने ते पत्र शेवटपर्यंत वाचले नसते, तर तो गेला असता. म्हणून निवेदनाची परीक्षा केवळ कमकुवत प्रस्ताव किती घटले, यावर होत नाही. प्रस्ताव साठांवरून पंचविसांवर आले आणि स्वीकारण्याजोगे पूर्वीइतकेच राहिले, तर निवेदन नीट काम करते आहे. स्वीकारण्याजोगेही घटले, तर एखादी अट चुकीच्या माणसाला अडवते आहे. पहिल्यांदाच लिहिणारा माणूस ‘पूर्वी प्रकाशित झालेल्या तीन लेखांची नावे द्यावीत’ या अटीपाशी परत फिरतो. सराईत लेखकाला तिचा काहीच त्रास होत नाही. याउलट, एकाच कारणासाठी दहा नकार लिहावे लागले, तर ते कारण निवेदनात यायचे राहिले आहे, असे समजावे.

मराठी साहित्याच्या इतिहासात चोखंदळ संपादनाचे ठळक उदाहरण ‘सत्यकथा’ मासिकाचे आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, कथेचे पुनर्लेखन सुचवीत. त्या पत्रव्यवहारातून अनेक लेखक घडले. परंतु याच चोखंदळपणात साठच्या दशकातील काही तरुण लेखकांना एका ठरावीक अभिरुचीचे राज्य दिसले. 1969 मध्ये त्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली आणि आपली लघुनियतकालिके चालवली. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडली. तिचे संपादक आळशी वा पक्षपाती होते, असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या लेखनासाठी गाळणी बनलेलीच नव्हती, ते लेखन तिच्यातून उतरू शकले नाही.

उतईच्या संपादिकेने तिसऱ्या वर्षी निवेदनाच्या शेवटी एक ओळ वाढवली : ‘वरील अटींत न बसणारे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही असे काही असेल, तर ते पत्राच्या तळाशी लिहावे.’

स्वाध्याय

खालील प्रस्ताव वाचा : ‘माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला होते. कामगारांचे जीवन खडतर असते, यावर मला लिहायचे आहे. वडील घरी आले की तासभर कोणाशी बोलत नसत.’ या प्रस्तावातील कोणत्या वाक्याखाली संपादिका रेघ ओढेल? लेखिकेला पाठवायचे चार ओळींचे उत्तर तिच्या वतीने लिहा.