डोकं उंचीमुळे दुखतंय की हीटरमुळे?

हिवाळ्यात मी पर्यटकांचे गट घेऊन लेहला जातो. साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिल्या रात्री कुणाचं ना कुणाचं डोकं दुखतंच. पण एका मुक्कामी एकाच खोलीतल्या मायलेकींचं डोकं एकदमच ठणकू लागलं, मुलीला मळमळू लागलं, आणि शेजारच्या खोल्यांत मात्र सगळे ठीक. ऑक्सिमीटर मुलीचा आकडा ९७ दाखवत होता. तिथे पहिल्या रात्री इतका आकडा धडधाकट माणसाचाही सहसा येत नाही. शंका आली ती तिथेच.

खोलीत सिलिंडरवरचा, धुराडं नसलेला हीटर होता. ज्योत पिवळट, आणि दाराखालच्या फटीत रजई कोंबलेली. कोंडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लेहची हवा मुळातच विरळ. या वायूला वास नाही. तो हिमोग्लोबिनला चिकटतो तेव्हाही रक्त लालच राहतं, म्हणून ऑक्सिमीटर फसतो.

आधी दोघींना बाहेर काढलं, मग हीटर बंद करून दारं-खिडक्या उघडल्या. बाहेर थोडं बरं वाटू लागलं तरी रुग्णालयात नेलंच. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. रक्ततपासणीत शंका खरी ठरली.

तेव्हापासून माझा नियम असा : असा हीटर लावायचाच तर माणसं जागी असताना, समोरासमोरच्या दोन फटी उघड्या ठेवून. झोपण्यापूर्वी तो बंद. फट ठेवली म्हणून रात्रभर चालवायची मुभा नाही. बुखारी असेल तर तिचं धुराडं बर्फाने वा काजळीने चोंदलेलं नाही ना, हे पेटवण्याआधी बघतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक दारं-खिडक्या बंद करून, गॅस हीटर लावून एका खोलीत झोपले; आठही जण गेले.

सोबत आकडा दाखवणारा डिटेक्टर ठेवतो. हा वायू जवळपास हवेइतकाच जड, त्यामुळे डिटेक्टर छताला की जमिनीशी हा वाद फोल आहे. उशाजवळच्या मेजावर, हीटरपासून एक ते तीन मीटरवर तो ठेवावा. खिडकीच्या झोतात, पडद्याआड किंवा न्हाणीघराच्या वाफेत नको. चांगले डिटेक्टरही ५० पीपीएमला तासाभराने वाजतात, ३०० ला तीन मिनिटांत. म्हणून नुसत्या भोंग्यावर विसंबू नका, आकडा बघा. चाचणीचं बटण बहुतेक वेळा भोंगा आणि बॅटरीच तपासतं. आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, तेव्हा मागे छापलेली मुदत वाचा.

आणि खोली ठरवतानाच मालकाला विचारा, हीटर कशावर चालतो. सिलिंडर म्हणाला, तर जादा रजया मागून घ्या.