तारेवरची टक्कर ऐकू येते, हवेतली येत नाही

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात मी नेटवर्क जोडण्याचं काम करत आलो आहे. सुरुवात काळ्या कोएक्स केबलवर झाली, आता निम्मं काम वायफायचं असतं. लोक विचारतात, केबलवर सुरळीत चालणारं काम वायफायवर का रखडतं? त्याचं उत्तर रेंजमध्ये किंवा कंपनीच्या स्पीडमध्ये नेहमी सापडत नाही. दोन यंत्रं एकाच क्षणी बोलली तर पुढे काय होतं, यात ते बऱ्याचदा असतं. कामातून जे उमगलं ते इथे मांडतो.

1. तारेवरची टक्कर बोलणाऱ्याला स्वतःला कळते.

इथरनेटची कल्पना 1973 साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली. गिरगावातल्या छापखान्यांत आणि पेढ्यांत आमच्या हाती आली ती तिची पातळ कोएक्सची आवृत्ती. एकच केबल सगळ्या टेबलांखालून फिरायची. प्रत्येक संगणकाला टी-जोड आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर, एवढाच सरंजाम.

या केबलवर बोलणारं प्रत्येक कार्ड तारेत ठरावीक प्रवाह सोडतं. एक जण बोलत असेल तर तारेवरचा सरासरी दाब ऋण बाजूला साधारण एक व्होल्ट असतो. दोघे बोलले की प्रवाहांची बेरीज होते आणि दाब दुपटीकडे जातो. कार्डातला ट्रान्सीव्हर साधारण दीड व्होल्टची रेघ पाहत बसलेला असतो; ती ओलांडली की टक्कर झाली असं तो ठरवतो. 185 मीटरच्या तारेत हा सरासरी दाब फारसा घटत नाही. म्हणूनच पलीकडच्या टोकाचा माणूस आणि शेजारचा माणूस तारेवर जवळपास सारख्याच जोराने बोलतात. माझ्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळला, तर ते मला बोलता बोलताच समजतं.

टर्मिनेटर निघाला की सगळं ऑफिस बंद पडायचं, त्याचं कारणही यातच आहे. उघड्या टोकावरून आपलाच सिग्नल परत फिरतो, मूळ सिग्नलमध्ये मिसळतो आणि कार्डाला ती टक्कर वाटते. एकच संगणक बोलत असताना टक्करींचा दिवा लुकलुकला, की मी आधी टोकं तपासायचो.

2. टक्कर कळणं पुरेसं नाही, वेळेत कळायला हवं.

लांबच्या टोकाशी टक्कर झाली आणि ती बातमी माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत माझं बोलणं संपलं असेल, तर मी समजणार सगळं ठीक आहे. म्हणून 10 एमबीपीएस इथरनेटमध्ये नियम आहे की सर्वांत छोटी फ्रेमही 64 बाइटची, म्हणजे 512 बिटांची हवी. ती पाठवायला 51.2 मायक्रोसेकंद लागतात. रिपीटरांसह सगळ्यात लांब जाळ्यात सिग्नल टोकापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ यात बसतो. टक्कर दिसली की कार्ड थोडा कल्ला करून सर्वांना सावध करतं, थांबतं आणि यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा बोलतं. दर टक्करीला त्या वेळेची कमाल मर्यादा दुप्पट होते. बोलणं अर्ध्यावर तोडता येत असल्यामुळे वाया जातात ते जेमतेम काही मायक्रोसेकंद.

3. रेडिओला स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचा ऐकू येत नाही.

वायफायचं यंत्र साधारण 100 मिलिवॉटने बोलतं, म्हणजे 20 डीबीएम. दोन खोल्या पलीकडून येणारा चांगला सिग्नल त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा उणे 70 डीबीएमच्या आसपास असतो. फरक 90 डेसिबलचा, म्हणजे 100 कोटी पटींचा. छातीला ढोल बांधून तो वाजवणाऱ्याने मिरवणुकीच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज टिपावी, अशी ही मागणी आहे. त्यामुळे साधं वायफाय एका वेळी बोलतं किंवा ऐकतं. बोलताना त्याचा रिसीव्हर बंदच असतो.

पण फक्त हीच अडचण असती, तर ती एव्हाना सुटली असती. 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी स्वतःचा सिग्नल वजा करून एकाच चॅनेलवर एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा रेडिओ चालवून दाखवला. तरीही खरी अडचण उरते. ती मला लालबागच्या एका चाळीत नीट दिसली.

4. हवेतली टक्कर ऐकणाऱ्यापाशी होते, बोलणाऱ्यापाशी नाही.

गणपतीच्या दिवसांत त्या चाळीच्या मधल्या जिन्यालगत मंडळाचं कार्यालय होतं आणि राउटर तिथेच होता. लांब गॅलरीच्या एका टोकाच्या खोलीतून पावत्यांच्या नोंदी आणि फोटो जायचे, दुसऱ्या टोकाच्या खोलीतून व्हिडिओ. एकाचं काम चाललं की सगळं झपाट्याने व्हायचं. दोन्ही चालू झाली की दोघांचंही अडायचं. मंडळातले एक काका म्हणाले, "रेंज तर फुल दाखवतंय, मग फाइल जात का नाही?"

रेंज खरीच चांगली होती. राउटरपाशी दोन्ही लॅपटॉपचा सिग्नल उणे 65 च्या आसपास होता. पण एका खोलीत बसून दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपचा सिग्नल पाहिला, तर मधल्या जाड भिंतींनी तो गोंगाटात बुडवलेला. म्हणजे दोघांनाही राउटर ऐकू येतो, राउटरला दोघेही ऐकू येतात, पण त्या दोघांसाठी एकमेकांचं अस्तित्वच नाही. या लपलेल्या यंत्रांचा प्रश्न क्लाइनरॉक आणि टोबागी यांनी 1975 सालीच मांडला होता.

आता पाहा, इथे बोलता बोलता ऐकणारा रेडिओ दिला तरी काय मिळणार? टक्कर राउटरच्या अँटेनापाशी होते आहे. बोलणाऱ्याच्या खोलीतली हवा शांतच आहे. तारेवर सगळ्यांचं ऐकणं एक असतं, हवेत प्रत्येक जागेचं ऐकणं वेगळं. टक्कर ओळखण्याची पद्धत वायफायने घेतली नाही ती या कारणानेही. 1997 च्या पहिल्या मानकापासून तिथे टक्कर टाळण्याचाच मार्ग आहे.

5. टाळण्याचं गणित आधी समजून घ्या, मगच सेटिंगला हात लावा.

वायफायचं यंत्र आधी ऐकतं. 54 एमबीपीएसच्या जुन्या जी पद्धतीत हवा 28 मायक्रोसेकंद शांत असेल, तर ते 0 ते 15 मधला एक आकडा काढतं आणि तेवढे खण थांबतं. एक खण 9 मायक्रोसेकंदांचा. मध्ये कुणी बोललं तर मोजणी तिथेच रोखून धरतं. बोलून झाल्यावर समोरून पोच यावी लागते. पोच आली नाही, तर टक्कर झाली असं धरून आकड्यांची कमाल 31, 63, 127 अशी वाढवत जातं. टक्करीची बातमी मिळते ती एवढीच, तीही पूर्ण फ्रेम खर्ची पडल्यावर.

चाळीतल्या दोन लॅपटॉपना हे लावून पाहू. 1500 बाइटची फ्रेम 24 एमबीपीएसने पाठवायला सुमारे 530 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळपास 59 खण. दोघांना एकाच वेळी पाठवायचं असेल आणि ते एकमेकांना ऐकत नसतील, तर टक्कर चुकण्यासाठी दोघांच्या आकड्यांत किमान 59 चा फरक हवा. पहिल्या फेरीत आकडे 15 पर्यंतच, म्हणजे टक्कर ठरलेली. 31 च्या फेरीतही ठरलेली. 63 च्या फेरीत वाचण्याची शक्यता शंभरात एकही नाही. 127 ला पोहोचल्यावर ती दहात तीनच्या आसपास येते. एक फ्रेम पोहोचवायला अशा तीन-चार पूर्ण फ्रेमा वाया जातात. त्यात पोच न आल्याने यंत्र सिग्नल कमजोर समजून वेग उतरवतं. वेग उतरला की फ्रेम आणखी वेळ हवेत राहते आणि टक्करीची शक्यता अजून वाढते. रेंज फुल असूनही स्पीड कोसळतो तो असा.

हे ओळखायची पद्धत सोपी आहे. एकाच खोलीतून काम चालवून पाहा, मग दोन्हींतून. एकट्याला उत्तम आणि जोडीला वाईट, हे लक्षण पक्कं समजावं असं नाही, कारण दोघांत वेग वाटला जाणं साहजिक आहे. पण दोघांची बेरीजही एकट्याच्या वेगापेक्षा फार कमी भरली, तर संशय घ्या. लिनक्सवर पुन्हा पाठवण्यांचा आकडा असा दिसतो:

```
iw dev wlan0 station dump
```

यात `tx retries` दोन्ही चालू असतानाच उसळी घेत असेल, तर कारण सापडलं.

इलाज म्हणून मोठ्या फ्रेमच्या आधी एक छोटी विनंती पाठवता येते. तिला आरटीएस म्हणतात. राउटर सीटीएस नावाचं उत्तर देतो आणि किती वेळ गप्प राहायचं हेही त्यात सांगतो. राउटर दोघांनाही ऐकू येत असल्याने लपलेला लॅपटॉपही थांबतो. विनंती 20 बाइटची असते, 24 एमबीपीएसला तिला सुमारे 28 मायक्रोसेकंद पुरतात. टक्कर झालीच तर वाया जातं ते एवढंच. फिल कार्न यांनी 1990 मध्ये ही युक्ती मांडली होती. बहुतेक यंत्रांत ती बंद असते. लिनक्सवर अशी सुरू होते:

```
sudo iw phy phy0 set rts 500
```

ही मर्यादा पाठवणाऱ्या यंत्रावर लावायची असते. राउटरच्या पानावर तोच आकडा बदलला, तर फरक फक्त राउटरच्या स्वतःच्या पाठवण्यावर पडतो. लॅपटॉप पूर्वीसारखेच एकमेकांवर आदळत राहतात. फोनवर तर हे सेटिंग हाती लागतच नाही. चाळीत आम्ही गॅलरीतून केबल नेली आणि दोन्ही टोकांना वेगळे ॲक्सेस पॉइंट लावले, एक चॅनेल 1 वर, दुसरा 11 वर. मग दोन्ही कामं एकत्र चालली.

6. तारेवर आज टक्कर दिसली, तर जोडणीत बिघाड आहे.

स्विच आल्यापासून प्रत्येक केबलवर दोनच यंत्रं असतात, आणि फुल डुप्लेक्समध्ये दोघांना एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं. तिथे टक्कर होऊच शकत नाही, आणि ती ओळखण्याची यंत्रणाही बंद असते. तरीही स्विचवर `late collision` वाढताना दिसलं, तर एक टोक फुल डुप्लेक्सवर हाताने अडकवलेलं आणि दुसरं ऑटोवर असण्याची शक्यता मोठी. ऑटोवाल्याला उत्तर मिळत नाही आणि ते हाफ डुप्लेक्स धरतं. त्याला टक्करी दिसतात, समोरच्याला तुटक्या फ्रेमा. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

जुन्या चाळीत किंवा जाड भिंतींच्या इमारतीत वायफाय लावणार असाल, तर राउटरची रेंज मोजून थांबू नका. ज्या दोन खोल्यांत एकाच वेळी जड काम चालणार, त्यांना एकमेकांचा सिग्नल मिळतो का ते पाहा. मिळत नसेल आणि केबल ओढायला वाट असेल, तर तिथे केबलच ओढा.