पाळणाघर नाही, क्षमस्व

मुलाखतीला आलेल्या मुलाला मी शेवटी विचारलं, ‘तुला काही विचारायचंय का?’ पोरगा डिप्लोमा झालेला, चुणचुणीत. तो म्हणाला, ‘सर, पाळणाघर झालं का सुरू?’ शेजारी बसलेल्या आमच्या सुपरवायझरनं खाली मान घालून खोकला काढला. मला हसावं की उठून जावं कळेना, कारण ते वाक्य माझंच होतं.

विट्यात आमचा रेपिअर मागांचा कारखाना आहे. साध्या मागांवर वडिलांनी सुरू केला, मी वाढवला. माग चालवणारे, जॉबर, मेंडिंगच्या बायका, घडीवाले, शिवाय ऑफिस आणि स्टोअर, असे साठ-पासष्ट लोक. त्यातले ऑफिसचे आणि देखभालीचे तरुण नोकरी शोधताना कंपन्यांना तारे देणाऱ्या संकेतस्थळांवर आमचं नाव बघतात, हे मला कळलं तेव्हा तिथे आमच्याबद्दल पाच अभिप्राय होते. पाचवा असा होता: ‘वीज गेली की पगार कापतात. जेवणाची सुट्टी कागदावर. नोकरी सोडली तर शेवटचा हिशेब दोन महिने लटकवतात. मालक मीटिंगमध्ये भाषणं छान देतात.’ दोन तारे, नाव नाही.

रात्री अकराला मी उत्तर लिहिलं. ‘वाचून डोळे पाणावले! आपल्यासारख्या कष्टाळू माणसाला आम्ही सांभाळू शकलो नाही, हे आमचं दुर्दैव. सकाळी पावणेदहाला उगवून चारला मावळणाऱ्या सूर्याला आम्ही पामर काय देणार? आमच्याकडे माग आहेत, पाळणाघर नाही. क्षमस्व.’ लिहून मला फार बरं वाटलं. पाहुण्यांच्या ग्रुपवर चार जणांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. टोमणा जमला की आपल्याकडे माणसाची हुशारी मोजतात, तसलीच ती दाद होती.

आठ दिवसांनी आमच्याकडून गेलेल्या एका मुलाचे वडील कारखान्यात आले. गलाईच्या धंद्यात दक्षिणेत तीस वर्षं काढून परत आलेला माणूस. खुर्चीत बसले नाहीत. ‘मालक, ते माझ्या पोरानं लिवलंच न्हाई. आन् तुमी अख्ख्या गावात त्याला झोपाळू केलासा.’

पावणेदहा आणि चार या दोन आकड्यांवरून सगळ्यांनी ओळखलं होतं, मी कुणाबद्दल बोलतोय. तो मुलगा उशिरा यायचा, हे खरंच होतं. पण त्याची आई सांगलीला दवाखान्यात होती आणि त्यानं ते सुपरवायझरला सांगितलं होतं. अभिप्राय दुसऱ्याच कुणाचा होता. तो कुणाचा, हे मला आजही माहीत नाही. नाव नसलेल्या माणसाला ओळखल्याचा आव आणून मी एका भलत्याच माणसाला गावासमोर दुखावलं होतं. हा सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि तिरकस लिहिणारा हटकून त्यातच पडतो, कारण टोमण्याला तपशील लागतो. तपशील आला की ओळख उघडी पडते. ओळख बरोबर निघाली तर माजी कर्मचाऱ्याची हजेरी चव्हाट्यावर मांडल्यासारखं होतं, चुकली तर दोन माणसं दुखावतात.

मी ते उत्तर त्याच दिवशी काढलं. स्क्रीनशॉट अर्थातच निघालेले होते.

मग नवीन लिहायला बसलो तर जमेना. वाक्य लिहायचं आणि ते आपोआप वाकडं व्हायचं. शेवटी जे तयार झालं ते मला सभ्य वाटलं: ‘आपण वेळ काढून आपले मौल्यवान मत मांडलेत, त्याबद्दल आभार. आपल्याला काही बाबी खटकल्या असतील तर दिलगीर आहोत. शिस्त प्रत्येकालाच मानवते असे नाही. असो. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!’

आमचे हिशेबनीस काका वडिलांच्या काळापासूनचे. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि ऑफिसात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘मौल्यवान’ला एक पोरगी फिसकन हसली. ‘असो’पर्यंत सगळे हसत होते. काका म्हणाले, ‘ह्यात शिवी कुठं न्हाई, पण सगळी शिवीच हाय.’

ही कसोटी मी आजही वापरतो आणि तुम्हीही वापरा. उत्तर दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. मराठीत टोमणा मारायला वाईट शब्द लागतच नाही, आदरच पुरतो. ज्या माणसाला कारखान्यात आपण ‘तुम्ही’ म्हणत होतो, त्याला इथे अचानक ‘आपण’ म्हटलं की तो मान राहत नाही, दूर ढकलणं होतं. ‘असो’ म्हणजे तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. ‘म्हणे’, ‘बरं का’, ‘काहींना’ ही त्याच घरची मंडळी. अवतरणचिन्हात टाकलेला त्याचाच शब्द, वाक्याच्या शेवटचं उद्गारचिन्ह आणि शेवटच्या शुभेच्छा, हे तिन्ही मी सरळ गाळतो. आणि ‘खटकले असेल तर दिलगीर’ यातला ‘तर’ सगळ्यात लबाड. तुला लागलं हा तुझा दोष, एवढंच तो सांगतो.

तरी शब्द गाळून उत्तर होत नाही. सांगण्यासारखं काही हातात असावं लागतं, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण त्या माणसानं लिहिलेलं खरं की खोटं हे मी तपासलंच नव्हतं. काकांनी अभिप्रायाची चार वाक्यं चार कागदांवर उतरवली आणि ज्या-त्या रजिस्टरशेजारी ठेवली.

वीज: मासिक पगारदारांचा एक रुपयाही कापलेला नव्हता. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा माग थांबला की कमाई थांबते, म्हणजे त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो पगार कापलेलाच. जेवणाची सुट्टी: दिवसपाळीला नीट मिळत होती. रात्री जॉबर एकच असतो, माग बंद पडला की त्याला ताटावरून उठवत होते. शेवटचा हिशेब: इथे आम्ही साफ उघडे पडलो. सोडून गेलेल्या माणसाचा ना-देय कागद स्टोअर, देखभाल आणि ऑफिस असा फिरायचा आणि स्टोअरमध्ये एका पान्याच्या नोंदीपायी पडून राहायचा. एकाचा हिशेब बावन्न दिवसांनी झाला होता. भाषणांबद्दल काकांनी कागद कोराच ठेवला.

म्हणजे एक गोष्ट पूर्ण खरी, एक अर्धी खरी, एक बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आणि एक नुसता चिमटा. चिमट्याला उत्तर द्यायचं नाही. बाकी तिघांना ज्याचं त्याला द्यायचं, आणि सुरुवात पूर्ण खऱ्या गोष्टीपासून करायची. आपण आधी आपल्या बचावाचं बोललो की पुढची कबुली कुणी वाचत नाही.

ना-देय कागदाच्या सह्या आम्ही शेवटच्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात घ्यायला लागलो. रात्री जॉबर जेवताना त्याच्या जागी मदतनीस उभा राहू लागला. हे झाल्यावरच लिहिलं. ‘सुधारणा करण्याचा प्रयत्न करू’ असं लिहायचा मोह होतो, पण ते वाक्य प्रत्येक कंपनीच्या खाली असतं आणि त्यावर कुणाचाच विश्वास नाही.

‘तुमची हिशेबाबद्दलची तक्रार खरी आहे. सोडून जाणाऱ्यांचा हिशेब आमच्याकडे उशिरा होत होता. आता ना-देय कागदाच्या सह्या शेवटच्या दिवसाआधीच पूर्ण करतो. रात्रपाळीच्या जॉबरच्या जेवणासाठी बदली माणूस ठेवला आहे. वीज नसलेल्या वेळेचा मासिक पगार कापला जात नाही. मीटरवर काम करणाऱ्यांची कमाई मात्र थांबते, आणि त्यावर आम्हाला अजून मार्ग सापडलेला नाही. कुणाचा हिशेब बाकी असेल तर ऑफिसमध्ये थेट मला भेटा. इथे आधी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, ते काढलं आहे.’ खाली माझं नाव आणि हुद्दा.

आठ वाक्यं. पहिल्या खर्ड्यात किती जणांचा हिशेब किती दिवस अडकला याचे आकडेही होते. वकिलांनी ते खोडले. पगाराला कायद्यानं मुदत असते, आणि असा जाहीर आकडा उद्या दाव्यात आपल्याच विरुद्ध उभा राहतो. चूक मान्य करा, पण हिशेबाची वही जाहीर उघडू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते आधी पळपुटं वाटलं होतं, आता पटतं. मात्र त्या सगळ्यांना भेटून राहिलेलं मिटवलं, ते वेगळं.

एका जातीच्या अभिप्रायाला हे काहीच लागू नाही. कुणी लैंगिक छळाबद्दल लिहिलं असेल तर खरं-खोटं, कोण, कधी यातलं अक्षरही जाहीर लिहायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, आणि याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदाराची, आरोपीची आणि साक्षीदारांची ओळख, तसंच तक्रारीचा मजकूर प्रसिद्ध करायला मनाई करतं. तक्रार ऐकायला समिती आहे आणि तिच्याकडे कसं पोचायचं, एवढंच लिहा.

आणि लिहिणाऱ्याला शोधायच्या मागे लागू नका. न्यूझीलंडच्या झुरू नावाच्या खेळण्यांच्या कंपनीनं ग्लासडोरवरच्या निनावी अभिप्रायांमागची माणसं कळावीत म्हणून अमेरिकेत कोर्ट गाठलं आणि २०२२ मध्ये तसा आदेशही मिळवला. परिणाम असा की जे अभिप्राय नोकरी शोधणारे मूठभर लोक वाचत होते, ते जगभरच्या बातम्यांत छापून आले. मी तर फुकटात आणि कोर्टाशिवाय तेच करून बसलो होतो. आपल्याच माणसांकडून पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहून घेणं हाही तसलाच धंदा; एका आठवड्यात आलेले, एकाच सुरातले सहा अभिप्राय पोरं लगेच ओळखतात.

उत्तर लिहिताना लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर आणायचा नाही, हे मला फार उशिरा उमगलं. तो केव्हाच गेलेला असतो. ते वाचतो उद्या मुलाखतीला येणारा, आणि त्याच्यापेक्षा बारकाईनं त्याचे आई-वडील.

त्या मुलाच्या घरी मी जाऊन आलो. आईनं चहा दिला. तो बाहेर आला नाही. स्क्रीनशॉट अजून कुठे कुठे फिरतो. मागच्या महिन्यात अकाउंट्ससाठी आलेल्या एका मुलीनं तो पाहिला होता आणि नंतरचं उत्तरही वाचलं होतं. पाळणाघराचं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, ‘मीटरवाल्यांना वीज गेल्यावर काय देता, ते ठरलं का?’ मी सांगितलं, अजून नाही.