घर दाखविण्याची परवानगी

पुण्यातील कोथरूड भागात वसंतरावांचे दोन खोल्यांचे एक घर आहे. ते स्वतः जवळच दुसऱ्या घरी राहतात आणि हे घर भाड्याने देतात. निवृत्तीनंतर मिळणारे वेतन थोडे असल्यामुळे या भाड्यावरच त्यांच्या संसाराचा बराचसा भार असतो. त्या घरात सुलभाताई, त्यांच्या वृद्ध सासूबाई आणि सातवीत शिकणारी मुलगी नंदिनी अशी तिघे राहत होती. भाडे दरमहा १८,००० रुपये होते. करार अकरा महिन्यांचा होता, आणि मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास एक महिना आधी लेखी सूचना द्यावी, असे त्यात लिहिलेले होते.

सुलभाताईंची नाशिकला बदली झाली. त्यांनी कराराप्रमाणे १ एप्रिल रोजी सूचना दिली आणि ३० एप्रिलला घर रिकामे करण्याचे कळविले. वसंतरावांना चिंता लागली. नवा भाडेकरू वेळेवर मिळाला नाही, तर घर एक महिना रिकामे राहील आणि १८,००० रुपयांची तूट येईल. म्हणून त्यांनी त्याच सायंकाळी सुलभाताईंच्या मोबाइलवर एक संदेश धाडला :

“उद्यापासून लोक घर पाहावयास येतील. घर आवरून ठेवा. दलालाला पत्ता व तुमचा नंबर दिला आहे.”

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता दारावरची घंटा वाजली. बाहेर दलाल आणि त्याच्याबरोबर चार अनोळखी माणसे उभी होती. सासूबाई झोपल्या होत्या आणि नंदिनी अभ्यास करीत होती. सुलभाताईंनी दार उघडले नाही. “या वेळी घर दाखविणे शक्य नाही,” एवढेच त्यांनी आतून सांगितले.

दलालाने ही हकिकत कळविताच वसंतराव रागावले. “घर माझे, आणि मलाच मज्जाव!” असे ते म्हणाले. तेव्हा त्यांच्या पत्नी इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, रात्री नऊ वाजता पाच परकी माणसे आपल्या दारी आली असती, तर आपण तरी दार उघडले असते का?”

वसंतरावांनी कपाटातून करार काढला आणि तो प्रथमच लक्षपूर्वक वाचला. पुरेशी पूर्वसूचना देऊन मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने घराची पाहणी करावी, असे एक कलम त्यात होते. परंतु परक्या माणसांना केव्हाही घरात आणावे, असे कोठेही लिहिलेले नव्हते. शिवाय एप्रिलचे भाडे सुलभाताईंनी भरलेले होते. घर मालकाचे असले, तरी ३० एप्रिलपर्यंत त्यात राहण्याचा हक्क त्यांचा होता. केंद्र शासनाने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही, मालकाने घरात येण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी, असे म्हटले आहे. हा कायदा एखाद्या राज्याने स्वीकारला तरच तेथे लागू होतो. पण वाजवी सूचना म्हणजे किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

वसंतरावांना आपली चूक उमगली. त्यांच्याजवळ घराची दुसरी किल्ली होती. परंतु सुलभाताई घरी नसताना ती वापरून घर दाखविणे म्हणजे त्यांचा विश्वास मोडणे होय, हेही त्यांनी जाणले. त्यांनी दुसरा संदेश लिहिला :

“सौ. सुलभाताई, सप्रेम नमस्कार.

काल रात्री पूर्वसूचनेशिवाय माणसे आली, याबद्दल दिलगीर आहे. आपला नंबर दलालाला न विचारता दिला, हेही चुकले. तो यापुढे आपणास दूरध्वनी करणार नाही.

आपण ३० एप्रिलला घर सोडीत आहात. मे महिन्यात घर रिकामे राहू नये, म्हणून त्यापूर्वी काही कुटुंबांना ते दाखविण्याची आपली परवानगी हवी आहे. शनिवारी सायंकाळी पाच ते सहा आणि रविवारी सकाळी दहा ते अकरा या वेळा आपणास चालतील का? गैरसोय होत असेल, तर सोयीच्या वेळा कळवाव्यात.

प्रत्येक वेळी मी स्वतः बरोबर असेन. एका वेळी एकच कुटुंब येईल आणि पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही. कोण येणार, त्यांचे नाव मी एक दिवस आधी कळवीन. आपल्या सामानाची छायाचित्रे कोणी घेणार नाही व कपाटे उघडणार नाही. आपण घरी असतानाच येऊ.

आपला,
वसंतराव”

या संदेशात पहिल्या संदेशाहून वेगळे काय आहे? पहिल्यात आज्ञा होती, दुसऱ्यात विनंती आहे. तथापि केवळ गोड शब्दांनी हा संदेश चांगला झालेला नाही. ज्या घरात परकी माणसे येणार, त्या घरातील माणसाच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्या प्रत्येकाचे उत्तर त्यात आहे. माणसे का येणार, केव्हा येणार, किती येणार, किती वेळ थांबणार आणि त्यांच्याबरोबर जबाबदार कोण असणार, हे सारे त्यातून कळते. आणि ठरविलेली वेळ नाकारून दुसरी सुचविण्याची मोकळीकही त्यात आहे. अशी मोकळीक नसेल, तर विनंती ही नुसती नावाची विनंती ठरते.

सुलभाताईंनी तासाभरातच उत्तर दिले :

“श्री. वसंतराव, सादर नमस्कार.

आपल्या संदेशाबद्दल आभारी आहे. रविवारची वेळ सोयीची आहे. शनिवारी मी कामावरून सहा वाजता येते. म्हणून त्या दिवशी साडेसहा ते साडेसात ही वेळ ठेवावी. नंदिनीची परीक्षा १० ते १७ एप्रिल या काळात आहे. त्या दिवसांत कोणास आणू नये, ही विनंती. एरवी घर आवरून ठेवीन.

आपली,
सुलभा”

परीक्षेचे दिवस वसंतरावांना ठाऊक नव्हते. विचारले म्हणूनच ते कळले. त्यांनी ते आठ दिवस सोडून दिले. बाकीच्या दिवसांत तीन कुटुंबे घर पाहून गेली. तिसरे कुटुंब आले, तेव्हा नळाला पाणी किती वाजता येते, असे त्यांनी विचारले. वसंतरावांना नेमके सांगता येईना. सुलभाताईंनी ते सांगितले, आणि पावसाळ्यात मागची खिडकी गळते हेही न लपविता सांगितले. वसंतरावांनी खिडकी दुरुस्त करून देण्याचे तेथेच कबूल केले. त्या कुटुंबाने घर पसंत केले.

३० एप्रिलला सुलभाताईंनी किल्ली परत दिली. वसंतरावांनी विजेच्या शेवटच्या बिलाची रक्कम वजा करून अनामत रक्कम त्याच दिवशी त्यांच्या हाती ठेवली. मे महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत खिडकीची दुरुस्ती झाली, आणि चौथ्या दिवशी नवे कुटुंब राहावयास आले.

स्वाध्याय

१. सुलभाताईंनी रात्री दार का उघडले नाही?
२. करार वाचल्यावर वसंतरावांना कोणत्या गोष्टी कळल्या?
३. दुसऱ्या संदेशातील कोणते वाक्य तुम्हांस सर्वांत आवश्यक वाटते? का?
४. सुलभाताईंना सर्व रविवार गैरसोयीचे असते, तर त्यांनी कसे उत्तर लिहिले असते? ते लिहा.