जुन्या ब्रोशरवरची तारीख

पुण्यात गेली अनेक वर्षं बिल्डरांची ब्रोशर्स लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या टेबलाच्या खणात 2021 सालचं एक ब्रोशर आजही ठेवलेलं आहे. जाड आर्ट पेपर, मुखपृष्ठावर निळाशार जलतरण तलाव. चौथ्या पानावरच्या ‘पझेशन डिसेंबर 2023’ या ओळीभोवती बॉलपेनने एक गोल काढलेला आहे. तो एका ग्राहकाने काढला आहे.

‘जानेवारी 2024मध्ये मी एका मीटिंगसाठी सेल्स ऑफिसात बसले होते,’ त्या सांगतात. ‘एक नवरा-बायको आले. हातात हे ब्रोशर. भाड्याच्या घराचा करार त्यांनी डिसेंबरपर्यंतच केला होता, मुलाचा शाळेतला प्रवेशही नव्या घराजवळ घेऊन ठेवला होता. इमारतीला अजून खिडक्या बसायच्या होत्या. ऑफिसातल्या माणसाने त्यांचा नोंदणीकृत करारनामा काढला आणि तारीख दाखवली, 30 जून 2025. ते गृहस्थ म्हणाले, करारात किंमत वाचली, क्षेत्रफळ वाचलं, तारीख तर ब्रोशरमध्ये होतीच. ती ओळ मी लिहिली होती.’

घर जून 2025मध्ये मिळालं, म्हणजे कराराच्या मुदतीत. पण महिना 22 हजार रुपये भाड्याने 18 महिन्यांचे 3 लाख 96 हजार त्या कुटुंबाचे जास्तीचे गेले, आणि हप्ते सुरू होते ते वेगळेच.

डिसेंबर 2023 ही तारीख आली कुठून, याचा माग लेखिकेने नंतर काढला. मार्केटिंगच्या बैठकीत एका संचालकाने ‘आपण डिसेंबरपर्यंत देतोच’ असं म्हटलं होतं आणि ते टिपणवहीत उतरलं होतं. महारेराचा नोंदणी क्रमांक ब्रोशरच्या शेवटच्या पानावर छापलेला होता. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून तिथली पूर्णत्वाची तारीख बघावी, असं लेखिकेला, डिझायनरला किंवा सेल्सच्या माणसांना कुणालाच सुचलं नाही.

कायद्याने या दोन तारखांची किंमत वेगवेगळी आहे. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 18नुसार, करारनाम्यातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घेऊ शकतो. नोंदणी करताना बिल्डरने रेराकडे पुढची तारीख दिली, म्हणून करारातली आधीची तारीख पुसली जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात डिसेंबर 2017मध्ये स्पष्ट केलं. ब्रोशरही मोकळं सुटत नाही. कलम 12 सांगतं की, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरने द्यायची. पण नुकसान त्या विधानामुळेच झालं हे दाखवण्याची उठाठेव ग्राहकाच्या गळ्यात पडते. या कुटुंबाने ती केली नाही.

त्याच प्रकल्पाच्या बी विंगचं ब्रोशर 2025मध्ये नव्याने काढायचं ठरलं, तेव्हा लेखिकेने एक अट घातली. प्रत्येक विधानासमोर त्याचा कागद असायला हवा, आणि ज्याला कागद नाही ते विधान छापायचं नाही. त्यांनी साध्या तक्त्यात चार रकाने केले. पहिल्यात ब्रोशरमधलं वाक्य, दुसऱ्यात ते कोणत्या कागदावरून घेतलं, तिसऱ्यात पान किंवा नकाशाचा क्रमांक, चौथ्यात सही. तारखेवर प्रकल्प अभियंत्याची, क्षेत्रफळावर आर्किटेक्टची, नोंदणी आणि करारातल्या शब्दांवर वकिलाची. जुन्या मजकुरातली तब्बल अकरा वाक्यं दुसऱ्या रकान्यातच अडकली. ‘हिंजवडी दहा मिनिटांत’ हे त्यातलं पहिलं. त्याऐवजी ठरावीक चौकापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये आलं.

तारखेवर सर्वांत जास्त ओढाताण झाली. सेल्सच्या प्रमुखांचं म्हणणं होतं, ‘मॅडम, गिऱ्हाईक तारीख बघूनच फोन करतं. शेजारच्या प्रकल्पाने एक वर्ष आधीची छापली आहे.’ तोडगा असा निघाला की बांधकाम लवकर होईल असा भरवसा असेल, तर तो काम दाखवून द्यायचा, तारीख पुढे-मागे करून नाही. नवीन मजकूर असा झाला:

‘बी विंग. महारेरा नोंदणीतील पूर्णत्वाची तारीख: 31 डिसेंबर 2027. करारनाम्यात ताब्याची हीच तारीख राहील. ताबा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दिला जाईल. 1 ऑगस्ट 2025 रोजीची स्थिती: 14पैकी 5 स्लॅब पूर्ण.’

यातलं तिसरं वाक्य वगळू नये, असा लेखिकेचा आग्रह होता. ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणून भोगवटा प्रमाणपत्राआधी चाव्या देण्याची पद्धत सर्रास आहे. ग्राहकाला तोच ताबा वाटतो, भाड्याचं घर सोडून तो सामान हलवतो, आणि मग कायमच्या नळजोडणीसाठी खेटे घालत बसतो. दोन्ही टप्प्यांचे शब्द वेगळे ठेवले की हा घोळ होत नाही. चौथ्या वाक्यासाठी ब्रोशरच्या मागच्या पानावर आवृत्तीची तारीख छापली गेली. रेराने मुदतवाढ दिली तर जुन्या प्रती काउंटरवरून उचलायच्या, हेही तिथेच ठरलं.

क्षेत्रफळाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची निघाली. जुन्या ब्रोशरमध्ये टू बीएचके ‘950 चौरस फूट’ होता. आर्किटेक्टच्या तक्त्यात त्याच फ्लॅटचा कार्पेट एरिया 61.20 चौरस मीटर, बाल्कनी 4.60 आणि ड्राय बाल्कनी 2.30. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, त्या हिशेबाने कार्पेट सुमारे 659 चौरस फूट आणि बाल्कन्यांसह सगळं मिळून 733. मग 950 कुठून आले? जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा म्हणून 733वर जवळजवळ 30 टक्के चढवून. सेल्सच्या भाषेत त्याला लोडिंग म्हणतात. त्या 950मधलं कपाट ठेवता येईल असं क्षेत्र 659च्याही आत होतं.

रेरात कार्पेट एरियाची व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळायची, घरातल्या मधल्या भिंती मात्र धरायच्या. शेवटच्या अर्ध्या वाक्यातून दरवेळी एक तक्रार जन्माला येते. ग्राहक नकाशातल्या खोल्यांची मापं गुणून बेरीज करतो. या फ्लॅटमध्ये ती 57.90 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 623 चौरस फूट भरते, आणि 36 फूट मारले असा त्याचा समज होतो. ते 36 फूट मधल्या भिंतींखाली असतात. नव्या ब्रोशरमध्ये हे आकडे चार ओळींत एकाखाली एक आले: खोल्या, मधल्या भिंती, कार्पेट, आणि त्याच्या खाली वेगळ्या काढलेल्या दोन्ही बाल्कन्या. 950चा आकडा पूर्ण गेला. महाराष्ट्राच्या नमुना करारात प्रत्यक्ष कार्पेटमध्ये 3 टक्क्यांपर्यंतच्या फरकाची मुभा आहे, तीही तिथेच लिहिली.

एक गोष्ट लेखिकेने स्वतः स्केल ठेवून तपासली. नकाशात बेडरूम 10 फूट बाय 11 फूट होती आणि त्यात डबलबेड टाकूनही दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा दिसत होती. ‘मी बेडवर पट्टी ठेवली. चार फूट बाय साडेपाच. एवढा डबलबेड बाजारात कुठे मिळतो?’ त्यांनी तिथे सहा बाय साडेसहाचा बेड काढायला लावला, तेव्हा कपाट उघडण्यापुरतीच जागा उरली. शिवाय 10 फूट हे विटांपासून विटांपर्यंतचं माप होतं. दोन्ही भिंतींना अर्धा-अर्धा इंच प्लास्टर लागलं की टेप 9 फूट 11 इंचच दाखवते. आता प्रत्येक नकाशाखाली दोन वाक्यं आहेत. मापं प्लास्टरपूर्वीची आहेत, आणि फर्निचर प्रमाणात काढलेलं असून ते किमतीत धरलेलं नाही.

सुविधांच्या पानावर पूर्वी ‘25हून अधिक अ‍ॅमेनिटीज’ होत्या. मोजायला बसल्यावर बाकडी, पायवाट आणि मुख्य दरवाजाही त्यातच निघाले. ते एक वेळ चालून गेलं असतं. खरा घोटाळा मुखपृष्ठावरच्या तलावात होता. मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने होतात आणि रेरात प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र नोंदणी असते, तारीखही स्वतंत्र. तलाव आणि क्लबहाऊस तिसऱ्या टप्प्याच्या जमिनीवर आहेत आणि त्या टप्प्याची तारीख आहे डिसेंबर 2029. ए विंगमधले लोक 2025मध्ये राहायला आले. त्यांच्या खिडकीतून तलावाच्या जागेवर खडीचा ढीग दिसतो. ब्रोशरमध्ये तलाव होता, तो कधी होणार हे नव्हतं, म्हणून घराबरोबरच मिळेल असं प्रत्येकाने धरलं होतं.

नव्या पानावर सुविधा आता तक्त्यात आहेत. तलावाची ओळ अशी: ‘जलतरण तलाव, 15 मीटर बाय 6 मीटर, टप्पा तीनच्या भूखंडावर, त्या टप्प्याचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची तारीख 31 डिसेंबर 2029, सर्व विंगच्या रहिवाशांसाठी सामाईक.’ सुविधांची संख्या 25वरून 9वर आली. त्या नऊंपैकी बी विंगच्या ताब्यासोबत मिळणाऱ्या पाच वर आणि नंतरच्या चार खाली, मध्ये ठळक रेघ. करारनाम्याच्या परिशिष्टात याच नऊ सुविधा याच क्रमाने याव्यात, यासाठी वकिलाने दोन्ही कागद समोरासमोर ठेवून वाचले. एका ठिकाणी ब्रोशरमध्ये ‘जिम’ होतं आणि करारात ‘व्यायामासाठी खोली’. यंत्रं कोणती आणि किती, हे ठरल्यावरच ती ओळ छापायला गेली.

मुखपृष्ठावरचा तलाव काढायचा का, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिथे बी विंगच्या पाचव्या स्लॅबचा फोटो आला, खाली तारखेसह. आत जी संगणकावर तयार केलेली चित्रं राहिली, त्यांच्यावरच तसं लिहिलं गेलं, शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपात नाही.

छापून आल्यावर पहिल्या आठवड्यात लेखिका मुद्दाम सेल्स ऑफिसात जाऊन बसल्या. एक आजी मुलगा-सुनेबरोबर आल्या होत्या. सुनेने तक्त्यात तलावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हा 2029ला होणार, आम्ही 2027ला राहायला येणार. मग मधली दोन वर्षं मेंटेनन्समध्ये याचे पैसे घेणार का तुम्ही?’ काउंटरवरच्या मुलाला उत्तर देता आलं नाही. तो आत गेला, वीस मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, नाही, सुविधा सुरू झाल्यावरच. सून म्हणाली, ‘मग इथे लिहून द्या.’

पुढच्या छपाईत तक्त्याला आणखी एक रकाना जोडला गेला.